बाय ऑर्डर जाण्याआधी तपासणी: एकाच शेअरमध्ये किंवा एकाच सेक्टरमध्ये पैसा साचू नये म्हणून लिमिट कशी लावायची

तुम्ही बाय ऑर्डर टाकली की ब्रोकरची सिस्टीम बघते की खात्यात पैसे आहेत का, भाव सर्किटच्या आत आहे का, क्वांटिटी एका ऑर्डरच्या मर्यादेपेक्षा मोठी नाही ना. तुमचा निम्मा पैसा आधीच एका बँकेच्या शेअरमध्ये आहे आणि तुम्ही अजून तीच बँक घेताय, हे ती बघत नाही, ते तिचं कामच नाही. ते काम आपलं, आणि ते ऑर्डर जायच्या आधीच करावं लागतं.

आधीच का, तर 2020 मधलं येस बँकेचं प्रकरण आठवा. 5 मार्चला रिझर्व्ह बँकेने मोरेटोरियम लावलं आणि नंतर आलेल्या पुनर्रचना योजनेत ज्यांच्याकडे 100 पेक्षा जास्त शेअर होते त्यांचे 75 टक्के शेअर तीन वर्षांसाठी लॉक झाले. म्हणजे विकायचं ठरवलं तरी विकता येत नव्हतं, तिथे स्टॉपलॉसचा काही उपयोग नव्हता. अशा वेळी तुमचं नुकसान किती होणार हे फक्त एका गोष्टीवर ठरतं, घेताना किती घेतलं होतं. म्हणून मला ही तपासणी स्टॉपलॉसपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

हा लेख त्यांच्यासाठी आहे जे ब्रोकरच्या एपीआयवरून पायथनमधून ऑर्डर टाकायला नुकतेच शिकलेत. एक्सेलमध्ये हिशोब करून हाताने ऑर्डर टाकणाऱ्यांनाही हाच हिशोब चालेल, कोड सोडून द्या. फक्त डिलिव्हरीच्या शेअरबद्दल बोलतोय, फ्युचर-ऑप्शनचं गणित वेगळं असतं, ते इथे घेत नाही.

आधी लिमिट ठरवा, आणि टक्के कशाचे ते पण ठरवा

लिमिट किती ठेवायची याला एकच बरोबर उत्तर नाही. अंदाजासाठी, आपल्याकडच्या ॲक्टिव्ह इक्विटी म्युच्युअल फंडांना सेबीने एका कंपनीत फंडाच्या 10 टक्क्यांपर्यंतच परवानगी दिली आहे (सेक्टर फंड आणि इंडेक्स फंडांचे नियम वेगळे आहेत). आठ-दहा शेअर ठेवणाऱ्या माणसाला 10 थोडं घट्ट होतं, दहाच शेअर असतील तर सगळे बरोबर समानच ठेवावे लागतील. मी इथे उदाहरणाला एका शेअरला 12 टक्के आणि एका सेक्टरला 30 टक्के धरतो.

आता खरा घोळ कुठे होतो, तर 12 टक्के कशाचे? सगळ्या शेअरच्या किमतीचे, की शेअर अधिक खात्यात पडलेली रोख? दोन्ही पद्धती चालतात पण उत्तरं फार वेगळी येतात. एक पोर्टफोलिओ घेऊ, भाव हिशोबाला सोपे जावेत म्हणून गोल धरलेत, आजचे भाव समजू नका:

- एचडीएफसी बँक, 70 शेअर, भाव 1,000, किंमत 70,000
- आयसीआयसीआय बँक, 50 शेअर, भाव 1,400, किंमत 70,000
- एसबीआय, 60 शेअर, भाव 1,000, किंमत 60,000
- इन्फोसिस, 50 शेअर, भाव 1,500, किंमत 75,000
- टीसीएस, 20 शेअर, भाव 3,000, किंमत 60,000
- सन फार्मा, 50 शेअर, भाव 1,700, किंमत 85,000
- आयटीसी, 200 शेअर, भाव 400, किंमत 80,000
- एल अँड टी, 25 शेअर, भाव 4,000, किंमत 1,00,000
- रोख 2,00,000

शेअर 6 लाखांचे, रोख धरून 8 लाख.

रोख धरली तर तीन बँका मिळून 2 लाख म्हणजे 25 टक्के, अजून जागा आहे. रोख नाही धरली तर त्याच बँका 33.3 टक्के, लिमिट आधीच मोडलेली! तोच पोर्टफोलिओ, तोच दिवस.

मी रोख धरतो, पण फक्त तीच रोख जी शेअरसाठी म्हणून बाजूला ठेवली आहे आणि ट्रेडिंग खात्यात आहे, बँकेतली इमर्जन्सीची एफडी नाही. रोख धरायचा एक फायदा असा की शेअर घेतला की रोख कमी होते आणि शेअर तेवढेच वाढतात, एकूण आकडा जागेवरच राहतो (ब्रोकरेज, एसटीटी वगैरेचे थोडे पैसे जातात तेवढं सोडून), त्यामुळे किती जागा उरली हे साध्या वजाबाकीने निघतं. रोख न धरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, तुमच्या हिशोबात शेअर घेतल्यावर खालचा एकूण आकडा पण वाढतो, म्हणून नुसती वजाबाकी चुकते, आलेला फरक 0.88 ने भागावा लागतो (1 वजा 0.12). वरच्या उदाहरणात एचडीएफसी बँकेसाठी 6 लाखांचे 12 टक्के 72,000, त्यातून 70,000 गेले, उरले 2,000, भागिले 0.88 म्हणजे साधारण 2,272 रुपये, म्हणजे शेअरच्या लिमिटपुरते 2 शेअर, सेक्टरची लिमिट तर या पद्धतीने आधीच मोडलेली आहे. दोनपैकी एक पद्धत निवडा आणि तीच ठेवा. जागा मिळेना म्हणून मध्येच पद्धत बदलली तर लिमिट असून नसल्यासारखी.

आत्ता माझ्याकडे नक्की किती आहे

हे सोपं वाटतं, आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. नवीन माणूस फक्त holdings मागवतो आणि किमती लावतो. पण आज सकाळी घेतलेला शेअर बऱ्याच ब्रोकरच्या एपीआयमध्ये holdings मध्ये नसतोच, तो positions मध्ये असतो, डिमॅटमध्ये दुसऱ्या कामाच्या दिवशी येतो. कालचा शेअर टी-1 अशा वेगळ्या कॉलममध्ये असू शकतो. लोनसाठी किंवा मार्जिनसाठी प्लेज केलेले शेअर पण कधी कधी वेगळ्या कॉलममध्ये असतात. आणि जी ऑर्डर टाकलीये पण अजून भरली नाही ती orders मध्ये ओपन पडलेली असते.

म्हणून प्रत्येक शेअरसाठी बेरीज अशी करा: डिमॅटमधले, अधिक टी-1, अधिक प्लेजमधले, अधिक आजचे नेट, अधिक ओपन बाय ऑर्डरमधली न भरलेली क्वांटिटी. ओपन सेल ऑर्डर वजा करायची नाही. सेल भरेलच असं नाही ना, आणि भरली नाही तर तुम्ही नसलेल्या जागेवर शेअर घेऊन बसाल. बाय भरणार असं धरायचं आणि सेल नाही भरणार असं धरायचं, म्हणजे चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होते.

जीटीटी म्हणजे भाव आल्यावर आपोआप जाणाऱ्या ऑर्डर, या साध्या orders मध्ये दिसत नाहीत, त्या वेगळ्या मागवाव्या लागतात. दोन महिन्यांपूर्वी लावून विसरलेली बाय जीटीटी बाजार पडला की उठते, आणि ती उठते तेव्हा तुमचा स्क्रिप्ट मध्ये नसतोच, ती ब्रोकरकडूनच थेट जाते. म्हणून तिला पण ओपन बाय समजून आधीच मोजून टाका.

कोणता कॉलम कशात मिळवलेला आहे हे ब्रोकरप्रमाणे बदलतं, तेव्हा एकदा बसून स्क्रिप्टची बेरीज आणि ॲपवर दिसणारा आकडा शेअरनिहाय जुळवून बघा. आज काहीतरी घेतलंय, काहीतरी विकलंय अशा दिवशी जुळवा, शांत दिवशी सगळं जुळतंच.

रोख रकमेचं पण तसंच. तुम्ही बाय ऑर्डर टाकली की ब्रोकर तेवढे पैसे ब्लॉक करतो आणि उपलब्ध रक्कम कमी दाखवतो, पण पैसे अजून तुमचेच आहेत. उपलब्ध रक्कमच एकूणमध्ये घेतली तर एकूण आकडा उगाच लहान होतो. ब्लॉक झालेली रक्कम परत मिळवायची.

सेक्टरचा तक्ता

ब्रोकर सहसा सेक्टर देत नाही, तो तक्ता आपल्यालाच ठेवावा लागतो. एनएसईचं वर्गीकरण वापरा, त्याच्या चार पायऱ्या आहेत आणि वरून खाली जाताना ते बारीक होत जातं. एचडीएफसी बँक दुसऱ्या पायरीवर फायनान्शियल सर्व्हिसेस, तिसऱ्या पायरीवर बँक, चौथ्या पायरीवर खाजगी क्षेत्रातली बँक. चौथी पायरी घेतली तर एचडीएफसी बँक आणि एसबीआय वेगवेगळ्या सेक्टरच्या होतील आणि तपासणी आरामात पास होत राहील, पण व्याजदर हलले की दोन्ही एकत्रच हलतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, दुसरी पायरी घ्या. तिच्यात बँका, एनबीएफसी, हाउसिंग फायनान्स, विमा, ब्रोकर सगळे एका डब्यात येतात आणि तसंच पाहिजे.

बँक निफ्टीचा ईटीएफ असेल तर तो पण पूर्णपणे फायनान्समध्ये टाका. निफ्टी 50 चा ईटीएफ असेल तर त्यातही वित्त क्षेत्राचा वाटा सगळ्यात मोठा असतो, म्हणून ईटीएफ मोठा असेल तर इंडेक्सच्या महिन्याच्या फॅक्टशीटमधला सेक्टरचा टक्का घेऊन तेवढा भाग त्या त्या सेक्टरमध्ये वाटा. ईटीएफ दोन-चार टक्केच असेल तर एवढी कसरत नका करू, वेगळा डबा ठेवा.

तक्त्यात शेअरच सापडला नाही तर काय? ऑर्डर थांबवायची. खूप जणांच्या कोडमध्ये इथे सेक्टर "इतर" धरून पुढे जातात, आणि मी पण पहिल्यांदा तसंच लिहिलं होतं. 2025 मध्ये झोमॅटोचं नाव बदलून इटर्नल झालं, सिम्बॉल ZOMATO चा ETERNAL झाला, माझ्या तक्त्यात जुनंच नाव होतं, त्यामुळे तो शेअर गपचूप "इतर" मध्ये गेला आणि त्याच्या खऱ्या सेक्टरची बेरीज कमी झाली, ऑर्डरी पास होत राहिल्या आणि मला तीन आठवडे पत्ता नाही. कुठे एरर नाही, काही नाही. सिम्बॉलऐवजी आयएसआयएन वापरलं तर नाव बदलाचा त्रास जातो, पण शेअर स्प्लिट झाला की आयएसआयएन बदलतो, म्हणजे कायमची चावी कुठलीच नाही. शिवाय डीमर्जर झालं की न घेतलेला शेअर पण खात्यात येतो, जानेवारी 2025 मध्ये आयटीसीवाल्यांना आयटीसी हॉटेल्स असेच मिळाले. न सापडलेल्यावर थांबणं हाच त्यावर उपाय, पाच मिनिटं तक्ता दुरुस्त करायला लागतात आणि मग पुढे जाता येतं.

आता एक ऑर्डर घेऊन पूर्ण हिशोब

तुम्हाला एचडीएफसी बँकेचे 50 शेअर 1,000 च्या लिमिटने घ्यायचेत, म्हणजे 50,000. सकाळी आयसीआयसीआय बँकेची 15 शेअरची बाय ऑर्डर 1,400 ला टाकून ठेवलीये, ती अजून ओपन आहे, 21,000 ब्लॉक झालेत. फंड्सच्या पानावर 1,79,000 दिसतील, पण एकूण आपण 8,00,000 च धरणार.

शेअरची लिमिट 8 लाखांचे 12 टक्के म्हणजे 96,000. एचडीएफसी बँक आत्ता 70,000, जागा 26,000, म्हणजे 26 शेअर.

सेक्टरची लिमिट 30 टक्के म्हणजे 2,40,000. फायनान्स आत्ता 2,00,000, अधिक ओपन ऑर्डरचे 21,000, झाले 2,21,000. जागा 19,000, म्हणजे 19 शेअर.

दोन्हीतली लहान जागा घ्यायची, तर 19 शेअर. 50 ची ऑर्डर जाणार नाही. ओपन ऑर्डर मोजली नसती तर सेक्टरमध्ये 40,000 ची जागा दिसली असती, 26 शेअर पास झाले असते, आणि दुपारी आयसीआयसीआयची ऑर्डर भरली की फायनान्स 2,47,000 वर, म्हणजे जवळपास 31 टक्के. दोन्ही ऑर्डरी एकेकट्या बघितल्या तर बरोबर, एकत्र मिळून चूक.

कोडमध्ये हिशोबाचा गाभा एवढाच आहे:

```python
def room_qty(price, total, stock_now, sector_now,
             stock_bps=1200, sector_bps=3000):
    stock_room = total * stock_bps // 10000 - stock_now
    sector_room = total * sector_bps // 10000 - sector_now
    return max(0, min(stock_room, sector_room) // price)
```

सगळे आकडे पैशांमध्ये, पूर्णांकात द्या, म्हणजे 1,000 रुपयांचा भाव 100000. टक्के पण पूर्णांकात आहेत, 1200 म्हणजे 12.00 टक्के. दशांश वापरले तर कधीतरी 0.30 चा गुणाकार एका कणाने कमी येतो आणि बरोबर लिमिटवर बसणारी ऑर्डर विनाकारण अडते, मग माणूस वैतागून लिमिटच वाढवतो. आणि भागाकार नेहमी खालच्या बाजूला, 19.9 आलं तरी 19 च.

price मध्ये काय द्यायचं? लिमिट ऑर्डर असेल तर लिमिट भाव आणि आत्ताचा भाव यातला मोठा. मार्केट ऑर्डर असेल तर आत्ताच्या भावावर थोडी वाढ धरा, मोठ्या शेअरला मी 1 टक्का धरतो, पातळ शेअरला जास्त. भाव आलाच नाही किंवा शून्य आला तर ऑर्डर थांबवा, शून्य भाव आला की होल्डिंगची किंमत पण शून्य होते आणि भरपूर जागा आहे असं दिसतं.

परवानगी नाही तर काय करायचं

स्क्रिप्टने आपणहून 50 चे 19 करून ऑर्डर टाकू नये असं मला वाटतं, निदान सुरुवातीला तरी. थांबवा, आणि कारण लिहा: किती मागितले, किती बसतात, कोणती लिमिट आडवी आली. "ऑर्डर नाकारली" एवढंच लिहिलं तर तुम्हीच दोन दिवसांनी तपासणी बंद करून टाकाल, कारण ती का अडवते ते कळतच नाही.

आता एल अँड टी बघा, 1,00,000 म्हणजे 12.5 टक्के, लिमिटच्या वर. तुम्ही जास्त घेतले नव्हते, भाव वाढला म्हणून वर गेला. असं मोठ्या प्रमाणावर पण होतं, 1 जुलै 2023 ला एचडीएफसी लिमिटेड बँकेत विलीन झाली, 25 शेअरला बँकेचे 42 मिळाले, आणि ज्यांच्याकडे दोन्ही होते त्यांच्या दोन ओळींची एक मोठी ओळ झाली, काहीही न घेता. इथे नियम सरळ ठेवा: जे वर गेलंय त्यात अजून घ्यायला मनाई, पण जबरदस्तीने विकायचं नाही. आणि विकायच्या ऑर्डरला ही तपासणी कधीच अडवणार नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण नवीन कोडमध्ये अशी चूक होते की ऑर्डरनंतरचा वाटा लिमिटच्या वर असेल तर नाकार, आणि मग 20 टक्क्यांवर गेलेल्या शेअरमधले थोडे विकून 17 वर आणायचे तर ती ऑर्डर पण नाकारली जाते, म्हणजे धोका कमी करणाऱ्या ऑर्डरलाच अडवलं. होल्डिंगपेक्षा जास्त विकत नाही एवढं बघा आणि जाऊ द्या.

तपासणी कुठे बसवायची

ऑर्डर टाकणाऱ्या फंक्शनच्या आत, बाहेर नाही. स्ट्रॅटेजीच्या कोडमध्ये वेगळी तपासणी लिहिली तर तिसऱ्या स्ट्रॅटेजीत ती लिहायला विसरायला होतं. सगळ्या ऑर्डरी एकाच फंक्शनमधून जाऊ द्या. आणि ऑर्डर मॉडिफाय करताना पण हीच तपासणी लावा, नाहीतर 5 शेअरची ऑर्डर पास करून घेऊन नंतर ती 50 ची करता येते आणि कोणी विचारत नाही. मॉडिफायमध्ये आधी ती जुनी ऑर्डर ओपनच्या बेरजेतून काढा, नाहीतर ती दोनदा मोजली जाईल.

एकाच वेळी दोन ऑर्डरी निघाल्या तर दोघींनाही तीच 19,000 ची जागा दिसते. म्हणून तपासणी आणि पाठवणं एका लॉकमध्ये ठेवा, आणि पाठवल्याबरोबर ती ऑर्डर तुमच्या स्वतःच्या यादीत ओपन म्हणून लिहा, ब्रोकरच्या orders मध्ये दिसायची वाट बघू नका, तिथे यायला क्षणभर लागू शकतो. उत्तर आलं नाही, टाइमआउट झाला, तर ऑर्डर गेली असंच धरून जागा अडवून ठेवा आणि नंतर ब्रोकरच्या यादीशी जुळवा.

बोनसचे दोन-तीन दिवस

हे एक प्रकरण मुद्दाम वेगळं घेतोय. शेअर एक्स-बोनस झाला की भाव लगेच खाली येतो पण बोनसचे शेअर खात्यात त्याच दिवशी येत नाहीत. ऑक्टोबर 2024 मध्ये रिलायन्सने एकास एक बोनस दिला, 28 तारखेला भाव निम्मा झाला, शेअर नंतर जमा झाले. मधल्या काळात तुमच्या स्क्रिप्टला रिलायन्सची किंमत निम्मी दिसते, 11 टक्के असलेला शेअर 6 च्या आसपास दिसतो आणि अजून घ्यायला भरपूर परवानगी मिळते. मग बोनस जमा झाला की एकदम वर. सेबीच्या 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमाने बोनस शेअर रेकॉर्ड डेटनंतर दोन कामाच्या दिवसांत ट्रेडिंगला येतात, म्हणजे हा काळ आता लहान आहे, पण आहेच. स्प्लिटमध्ये पण असंच होऊ शकतं. यावर साधा उपाय, कालच्या बंद भावापेक्षा आजचा भाव 20 टक्क्यांहून जास्त खाली दिसला तर त्या शेअरची बाय थांबवा आणि हाताने बघा. फक्त कालचा भाव तुम्ही स्वतः साठवलेला घ्या, कारण एक्स-डेटला बाहेरून मिळणारा मागचा बंद भाव बऱ्याचदा आधीच ॲडजस्ट केलेला असतो आणि मग फरक दिसतच नाही.

खरी ऑर्डर सोडण्याआधी

पाठवणारी ओळ बंद करून ठेवा आणि वरचाच पोर्टफोलिओ हाताने भरून हे चालवून बघा. एचडीएफसी बँक 19 ला हो, 20 ला नाही. आयसीआयसीआयची ओपन ऑर्डर काढली की 26 ला हो, 27 ला नाही. एल अँड टी 1 शेअरला पण नाही. एल अँड टी 1 विकायला हो. सन फार्मा 6 ला हो, 7 ला नाही, कारण 96,000 मधून 85,000 गेले की 11,000 उरतात आणि सहा शेअरचे 10,200 होतात. तक्त्यातून टीसीएस काढून टाका, आता टीसीएसच काय पण इन्फोसिसची ऑर्डर पण थांबली पाहिजे, कारण ज्या शेअरचा सेक्टर माहीत नाही तो कुठल्याही सेक्टरमध्ये असू शकतो. ही शेवटची परीक्षा बहुतेक पहिल्या कोडमध्ये नापास होते, टीसीएस थांबतो आणि इन्फोसिस जातो, तेव्हा तीच आधी चालवा.